चुकून आलेले साडेअठरा हजार आणि रडणारा फोन

काका, माझं इचलकरंजीत फॉल-पिकोचं आणि मॅचिंगचं छोटं दुकान आहे. शनिवारी दुपारी माझ्या यूपीआयला अचानक १८,५०० रुपये आले, पाठवणारा ओळखीचा नाही, अ‍ॅपमध्ये कुठल्यातरी पुरुषाचं नाव दिसतंय. थोड्याच वेळात एका बाईचा फोन आला, रडत होत्या, म्हणे एक आकडा चुकला आणि पैसे तुम्हाला गेले, मिस्टर दवाखान्यात आहेत, लगेच परत करा. पण ज्या खात्यातून आले त्यात नको, त्याचं लिमिट संपलंय म्हणून भावाच्या नंबरवर टाका असं म्हणतात. पैसे खरंच आलेत, मी पासबुक भरून बघितलं. आमचे हे म्हणतात कुणाचा तळतळाट नको, देऊन टाक. मुलगा म्हणतो ब्लॉक कर आणि गप्प बस. रोज चार-पाच फोन येतायत. काय करू?
— एक वाचक, इचलकरंजी

ताई, पैसे परत द्यायचेत, त्याबद्दल तुमच्या मिस्टरांचं बरोबर आहे. पण त्या भावाच्या नंबरवर एक रुपयाही टाकायचा नाही. आणि मुलगा म्हणतो तसं ब्लॉक करून गप्पही बसायचं नाही, कारण हे पैसे आता तुमच्या खात्यावर तुमच्या नावाने नोंदले गेलेत, तुम्ही गप्प बसलात म्हणून ती नोंद पुसली जाणार नाही.

आधी ते लिमिटचं बघू. यूपीआयला दिवसाची जी मर्यादा असते, साधारण एक लाखाची, ती पैसे पाठवायला असते, घ्यायला नाही. ज्या साध्या बचत खात्यातून दुपारी साडेअठरा हजार बाहेर गेले त्याच खात्यात ते संध्याकाळी परत यायला लिमिट आड येत नाही. आता त्या बाईंना हे माहीत नसेल असंही होऊ शकतं, दवाखान्यात बसलेल्या माणसाला कुठलं लिमिट आणि कुठलं काय, म्हणून मी त्यांना लगेच चोर म्हणत नाही. पण चुकून दुसऱ्याकडे गेलेले पैसे ज्याला परत हवेत त्याला ते आपल्याच खात्यात हवे असतात. तिसरा नंबर मधे आला की माझे तरी कान टवकारतात.

मी बँकेत काउंटरला बरीच वर्षं काढली, आणि अजूनही शेजारपाजारचे लोक असले मेसेज घेऊन दारात येतात. त्यातल्या बऱ्याच जणांना मुळात पैसे आलेलेच नसतात. नुसता मेसेज आलेला असतो, "your a/c is credited" वगैरे, तोही दहा आकडी मोबाइल नंबरवरून, जे कुठलीच बँक करत नाही, बँकेचा मेसेज अक्षरी नावाने येतो. मग फोन येतो, दादा पाचशे टाकायचे होते चुकून पाच हजार गेले, साडेचार हजार परत करा, आणि माणूस खात्यात न बघता मेसेज बघून स्वतःच्या खिशातले पाठवतो. दुसरा प्रकार म्हणजे 'परत घ्यायला' क्यूआर स्कॅन करायला लावून पिन टाकायला लावतात. यूपीआयचा पिन पैसे जायला किंवा शिल्लक बघायला लागतो, पैसे यायला कधीच लागत नाही. अनोळखी माणसाने समोरून पैसे मागायची ती जी 'कलेक्ट रिक्वेस्ट' यायची ती तर यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने माणसामाणसांतल्या व्यवहारांसाठी १ ऑक्टोबर २०२५ पासून बंदच केलीय. तुम्ही मेसेजवर न थांबता पासबुक भरलंत, त्यामुळे हे दोन्ही प्रकार इथेच निकालात निघतात. तुमचे पैसे खरे आहेत, आणि म्हणूनच हे प्रकरण जास्त किचकट आहे.

खरे पैसे कुठला चोर पाठवेल, हा तुमच्या मिस्टरांचा मुद्दा असणार. चोर स्वतःचे पाठवतच नाही. असं समजा की तिकडे नागपूरला एका माणसाला भाड्याने खोली हवीय. नेटवर फोटो बघितला, समोरचा म्हणाला मी मिलिटरीत आहे, बाहेरगावी आहे, डिपॉझिट भरा मग चावी मिळेल, आणि डिपॉझिट भरायला त्याने नंबर दिला तो तुमचा. तुमचा नंबर कुठून मिळाला असं विचाराल तर दुकानाच्या बोर्डवर आहे, मॅचिंगच्या ग्रुपवर आहे, तो काय सीक्रेट आहे का. त्या नागपूरच्या माणसाने १८,५०० भरले ते सरळ तुमच्या खात्यात आले. म्हणून अ‍ॅपमध्ये अनोळखी पुरुषाचं नाव दिसतं, आणि फोनवर मात्र बाई बोलते. आता चोराला फक्त तुमच्याकडून ते पैसे काढून घ्यायचेत. त्यासाठी दवाखाना, रडणं, भाऊ.

तुम्ही भावाला पाठवलेत की ते काही मिनिटांत पुढे जातात किंवा एटीएममधून बाहेर येतात. दोन दिवसांनी नागपूरच्या माणसाच्या लक्षात येतं की खोलीही नाही आणि मालकही नाही. तो सायबर फसवणुकीच्या १९३० ह्या हेल्पलाइनला फोन करतो नाहीतर cybercrime.gov.in वर तक्रार टाकतो, आणि त्या तक्रारीत पैसे कुणाला दिले तिथे कुणाचं नाव येणार? तुमचं. त्याच्या दृष्टीने चोर तुम्ही, कारण त्याच्या मोबाइलवर तुमचंच नाव दिसतंय. तक्रार सिस्टिममध्ये गेली की पैसे जिथून जिथून फिरले ती खाती एकेक करून शोधली जातात, पहिलं खातं लेअर वन, तिथून पुढे गेलेलं लेअर टू, असं त्यांचं चालतं, आणि बँकांना कळवून त्या त्या खात्यात तेवढी रक्कम अडकवली जाते. तुम्ही लेअर वन. भावाचं खातं तोवर रिकामं. मग अडकतात ते तुमचे, दुकानाच्या गल्ल्यातले, कष्टाचे साडेअठरा हजार. म्हणजे आलेले गेले आणि वर तुमचे स्वतःचे अडकले. कधी कधी बँक तेवढी रक्कम अडकवून न थांबता सगळं खातंच गोठवते, मग लाइटबिलाचा ऑटोपे बाऊन्स, घाऊक व्यापाऱ्याचा चेक परत, आणि ऐन लग्नसराईत ग्राहक क्यूआर स्कॅन करतोय तर ते पैसेही आत जाऊन बसतात.

याच्या उलट असंही असेल की बाई खरंच बोलतायत, मिस्टरांच्या फोनवरून पाठवले, त्यांच्या नावाने आले, एक आकडा चुकला, भाऊ दवाखान्यात बिल भरायला उभा आहे म्हणून त्याचा नंबर दिला. हे अगदी शक्य आहे. आता गंमत बघा, बाई खऱ्या असोत नाहीतर खोट्या, दोन्हीकडे पैसे जिथून आले त्याच खात्यात परत जाणं बरोबर ठरतं. खऱ्या असतील तर पैसे त्यांच्या घरी परत गेले. खोट्या असतील तर नागपूरच्या माणसाला त्याचं डिपॉझिट मिळालं आणि चोर हात चोळत बसला. त्यामुळे बाई खरं बोलतात की खोटं ह्याचा निवाडा तुम्हाला करायचाच नाहीये, जे तुम्ही तीन दिवस फोनवर त्यांचा आवाज ऐकून करायचा प्रयत्न करताय.

मग अ‍ॅपमध्ये जाऊन त्याच नावावर बोट दाबून स्वतःच परत पाठवू का? भावाला पाठवण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं, पण मी तेही लगेच करणार नाही. कारण तिसरी एक शक्यता राहते, की ज्या खात्यातून तुम्हाला आले तेच खातं भाड्याने घेतलेलं, चोराच्या हातातलं असेल, आणि चोरीचे पैसे चार ठिकाणी फिरवायला त्यांना तुमच्यासारखी स्वच्छ खाती लागतात. तसं असेल तर तुम्ही परत पाठवूनही मधला एक टप्पा ठरता, आणि उद्या कुणी विचारलं तर तुमच्याकडे सांगायला काय, फोन आला म्हणून पाठवले. बँकेमार्फत गेलं तर हाच व्यवहार कागदावर येतो, तारखेनिशी, तुम्ही स्वतःहून कळवलं होतं हे दिसतं.

म्हणून बँकेत जा. फोन बँकिंग, चॅट वगैरे नको, शाखेत जा, आणि तोंडी सांगून येऊ नका कारण तोंडी सांगितलेलं काउंटरवरचा माणूस जेवायच्या सुट्टीपर्यंत विसरतो, हे मी अनुभवाने सांगतो. कागद द्या. त्यात यूटीआर नंबर पाहिजेच. अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावर टच केलंत की खाली बारा आकडी नंबर दिसतो, कुठे UTR लिहिलेलं असतं कुठे UPI transaction ID च्या शेजारी असतो, बँकेच्या स्टेटमेंटमध्येही तोच येतो. बँकेला त्या नंबरावरून पाठवणाऱ्याची बँक आणि खातं सापडतं, बाकी नावगाव नसलं तरी चालतं. अर्ज असा काहीतरी:

"मा. शाखा व्यवस्थापक, माझ्या बचत खाते क्रमांक … मध्ये दि. … रोजी दुपारी … वाजता यूपीआयद्वारे रु. १८,५००/- जमा झाले आहेत. यूटीआर क्र. … . पाठवणारी व्यक्ती माझ्या ओळखीची नाही व माझा तिच्याशी कोणताही व्यवहार नाही. मोबाइल क्र. … वरून मला फोन करून ही रक्कम दुसऱ्याच नंबरवर पाठवण्यास सांगण्यात येत आहे. ही रक्कम माझी नाही. पाठवणाऱ्याच्या बँकेशी खात्री करून ज्या खात्यातून आली त्याच खात्यात ती परत करावी, त्यास माझी संमती आहे. तोपर्यंत मी ही रक्कम वापरणार नाही. सोबत व्यवहाराचा स्क्रीनशॉट व कॉल लॉगची प्रत."

दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, सही आणि तारीख घेऊन या. शिक्का द्यायला कुरकुर केली तर तोच मजकूर शाखेच्या अधिकृत ईमेलवर पाठवा, ईमेलला शिक्का लागत नाही. 'खात्री करून' आणि 'संमती आहे' हे दोन्ही शब्द मुद्दाम घातलेत. बँक तुमच्या खात्यातून तुमच्या संमतीशिवाय असे पैसे कुणाच्या नुसत्या सांगण्यावरून उचलून देत नाही, आणि पाठवणाराही यूपीआयने एकदा गेलेले पैसे आपल्या बाजूने ओढून घेऊ शकत नाही. ज्याचं खरंच चुकलंय त्याचा रस्ता असा असतो की त्याने त्याच्या अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावर तक्रार टाकायची आणि स्वतःच्या बँकेत कळवायचं, त्याची बँक तुमच्या बँकेला लिहिते, तुमची बँक तुम्हाला फोन करून विचारते, तुम्ही हो म्हणता, पैसे जातात. याला दिवस लागतात, कधी दोन-तीन आठवडेही, बँकांमधला पत्रव्यवहार यूपीआयच्या स्पीडने होत नाही. पण तुमची संमती आधीच लिहून दिलेली असेल तर तेवढा तरी एक हेलपाटा वाचतो.

आता त्या बाई. ब्लॉक करायच्या आधी त्यांना एक मेसेज करा, फोनवर बोलू नका, मेसेजच, म्हणजे तुमच्याकडेही पुरावा राहतो. "तुम्ही म्हणता ते पैसे मी वापरलेले नाहीत. मी माझ्या बँकेत लेखी कळवलं आहे. तुम्ही तुमच्या बँकेत यूटीआर नंबर देऊन तक्रार करा, ज्या खात्यातून आले त्यातच परत जातील. दुसऱ्या नंबरवर मी पाठवणार नाही." एवढंच. यूटीआर नंबर तुम्ही त्यांना सांगू नका, ज्याने पाठवले त्याच्या फोनवर तो असतोच. त्यांनी बरोबर नंबर सांगितला तर त्या खऱ्या, असंही समजू नका, कारण नागपूरवाल्याने पैसे भरल्यावर चोराला स्क्रीनशॉट पाठवलेलाच असतो आणि त्यावर तो नंबर छापलेला असतो. सांगता आला नाही तर मात्र शंका पक्की.

यावर खरी माणसं काय करतात तर थोडं वैतागतात, अहो एवढं कशाला म्हणतात, आणि मग बँकेत जातात. खोटी माणसं चिडतात. पोलिसात देते, तुमच्यावर केस करते, तुमचं दुकान कुठे आहे मला माहितीय, असलं सुरू होतं, किंवा मग 'इन्स्पेक्टर साहेबांचा' फोन येतो. तेव्हा म्हणायचं, जरूर जा पोलिसात, मीही अर्ज देते. आणि धमकी आलीच तर खरंच द्या, गावभाग असो शिवाजीनगर असो, तुमच्या हद्दीतल्या पोलीस स्टेशनला त्याच बँकेच्या अर्जाची प्रत जोडून एक साधा अर्ज, त्याचीही पोच. तो नंबर संचार साथी पोर्टलवर 'चक्षू' मध्येही टाकता येतो, संशयास्पद फोन कळवायची ती सरकारी सोय आहे. हे सगळं झालं की मग मुलाला सांगा, आता कर ब्लॉक.

पैसे खात्यातच राहू द्या, आणि हे जरा नीट ऐका कारण इथे शहाणी माणसंही चुकतात. कुणीतरी सांगतं खातं गोठवतील, तुझे स्वतःचे आहेत ते काढून मिस्टरांच्या खात्यात टाक. घाबरून माणूस सगळीच शिल्लक हलवतो, हे साडेअठरा हजारही त्याबरोबर जातात. मग शोध घेणाऱ्याला काय दिसतं, संशयित पैसे आले आणि लगेच दुसऱ्या खात्यात पळाले, आणि मिस्टरांचं खातं लेअर टू म्हणून अडकतं. एका घरातली दोन खाती बंद. त्यापेक्षा खात्यात कायम साडेअठरा हजारांच्या वर शिल्लक ठेवा, तेवढ्याला हात लावू नका, बाकीचा दुकानाचा रोजचा व्यवहार नेहमीसारखा चालू द्या. रोजच्या क्यूआरचे पैसे तेवढे दिवस दुसऱ्या खात्याला जोडून घेतलेत तर चालेल, ते नवीन पैसे आहेत, हलवलेले नाहीत.

मुलाच्या 'गप्प बस' बद्दलही सांगतो, कारण त्याच्या वयाला ते हुशारीचं वाटतं. चुकून मिळालेले पैसे परत करायलाच लागतात, भारतीय करार कायदा १८७२ चा, त्याच्या ७२ व्या कलमात हे सरळ लिहिलंय. आणि माहीत असून स्वतःसाठी वापरले तर तो अप्रामाणिक अपहार, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४, फौजदारी मामला. कुणीच मागायला आलं नाही, सहा महिने गेले, तरी ते तुमचे होत नाहीत, तुमच्या हातात बँकेची पोच आहे एवढंच.

एवढं करूनही एखाद्या सकाळी खात्यावर 'होल्ड' किंवा 'लिएन', म्हणजे रक्कम अडकवल्याची नोंद, दिसली तर धावपळ न करता बँकेकडे लेखी तीन गोष्टी मागा. कुठल्या राज्याच्या कुठल्या पोलीस ठाण्याने सांगितलं, तक्रारीचा पोचक्रमांक काय, आणि किती रकमेवर. साडेअठरा हजारांवरच असेल तर एका अर्थी चांगलंच, ते तुम्ही बाजूला ठेवलेलेच आहेत, दुकान चालू राहतं. सगळं खातं गोठवलं असेल तर वादातली रक्कम सोडून बाकीचं मोकळं करा असा अर्ज त्या पोलीस ठाण्याला आणि बँकेला ईमेलने करायचा, बँकेच्या पोचेचा फोटो आणि बाईंना केलेल्या मेसेजचा स्क्रीनशॉट जोडून, केरळ हायकोर्टासह काही हायकोर्टांनी वादातल्या रकमेपुरतंच अडकवा असं म्हटलेलंही आहे. नागपूर असलं तरी तिथे जायची गरज बहुतेक वेळा पडत नाही, पण फोनवर "पाच हजार पाठवा, लगेच खातं खुलं करतो" असं कुणी म्हणालं तर तो पोलीस नाही, त्या बाईंच्याच टोळीतला दुसरा कुणीतरी आहे.

बँक उघडली की आधी तेवढं करून या, दुकान तासभर उशिरा उघडलं तरी चालेल. कॉल लॉगचे स्क्रीनशॉट मात्र आजच काढून ठेवा, जुने कॉल काही फोनमधून आपोआप उडतात.